बेरीच्या ड्यूकची अपुरी पोथी

जून १४१६ मध्ये बेरीचा ड्यूक जाँ पॅरिसमध्ये वारला. पंचाहत्तर वर्षांचं आयुष्य. फ्रान्सच्या एका राजाचा मुलगा, दुसऱ्याचा भाऊ आणि तिसऱ्याचा काका. तो गेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी करायला माणसं बसली, कारण ड्यूकच्या डोक्यावर कर्ज बरंच होतं आणि घेणेकरी वाट पाहत होते. रत्नं, सोन्याची भांडी, पडदे, संतांचे अवशेष ठेवायच्या पेट्या आणि पुस्तकं, सगळं एकेक करून लिहून काढलं गेलं. त्या यादीत एका पेटीतल्या पानांच्या सुट्या जुड्यांची नोंद आहे. पॉल आणि त्याचे भाऊ करत होते त्या एका फार श्रीमंत प्रार्थनापोथीच्या या जुड्या, चित्रांनी आणि सोन्याने भरगच्च, असा तिचा मतलब. किंमत लावली आहे ५०० लिव्हर.

'करत होते' हे खरंच होतं. पॉल, योहान आणि हर्मन हे तिघे लिंबुर्ग बंधूही त्याच वर्षी गेले, बहुधा साथीत. तिशीच्या आसपास होते तिघेही. काम करणारे गेले, करवून घेणारा गेला, आणि पोथी शिलाई न घालता पेटीत पडून राहिली. आज ती पॅरिसच्या उत्तरेला शांतीयीच्या काँदे संग्रहालयात आहे. २०६ पानं आहेत, प्रत्येक साधारण २९ सेंटिमीटर उंच आणि २१ रुंद. 'त्रे रिश झ्यर' या नावानं जग तिला ओळखतं, आणि मध्ययुगीन युरोपातलं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक तेच असावं.

मी स्वतः अक्षरलेखन करते, सोन्याचा वर्ख लावायलाही शिकले आहे. या पोथीकडे मी पुन्हा पुन्हा वळते ती तिच्या अपुरेपणासाठी. पुरं झालेलं पान आपल्या खाली काय काय आहे ते सांगत नाही. अर्ध्यावर राहिलेलं पान सगळं सांगतं: कोण आधी बसलं, कोण नंतर, कुठला रंग शेवटी यायचा होता, आणि पैसे कुठे लागणार होते.

आधी ही पोथी कसली ते सांगते. चर्चमधल्या साधूंना दिवसाच्या आठ प्रहरांच्या प्रार्थना ठरवून दिलेल्या असत. संसारी माणसांनाही घरच्या घरी तसंच काही हवं होतं, म्हणून त्याचं छोटं रूप निघालं. सुरुवातीला सणावारांचं पंचांग, मग मरियामातेच्या प्रहर-प्रार्थना, पश्चात्तापाची स्तोत्रं, संतांची नामावळी आणि मृतांसाठीच्या प्रार्थना. अशा पोथ्या पंधराव्या शतकात जितक्या लिहिल्या गेल्या तितकं दुसरं कुठलंच पुस्तक लिहिलं गेलं नसेल. एकट्या बेरीच्या ड्यूककडे अशा डझनाहून जास्त होत्या. त्याच्या संग्रहात एकूण तीनशेच्या आसपास पुस्तकं होती, आणि त्या काळी एका माणसाच्या घरात तीनशे पुस्तकं म्हणजे अचंबाच.

पोथीची सुरुवात कातड्यापासून होते. वासराचं किंवा मेंढीचं कातडं चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवायचं, की केस सैल होऊन निघतात. मग ते लाकडी चौकटीत ताणायचं. कडेला भोक पाडलं तर ताणाने ते फाटत जातं, म्हणून कडेशी एकेक गोटा कातड्यात गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधतात आणि ती दोरी चौकटीच्या खुंटीला देतात. कातडं वाळत जाईल तसतशा खुंट्या पिळायच्या आणि त्याच वेळी अर्धचंद्राच्या आकाराच्या सुरीने दोन्ही बाजू तासायच्या. हे ताणलेल्या अवस्थेतलं वाळणं महत्त्वाचं. त्यानेच आतले तंतू सपाट बसतात आणि कमावलेल्या चामड्याऐवजी कागदासारखं चर्मपत्र तयार होतं. तासताना सुरी किंचित जास्त लागली की बारीकशी चीर पडते आणि ताणाखाली ती डोळ्यासारखी गोल उघडते. सामान्य पोथ्यांत अशी भोकं राहू दिलेली दिसतात, लिहिणारा त्यांना वळसा घालून पुढे जातो. ड्यूकच्या पोथीसाठी असलं कातडं कोणी आणून दिलं नसतं.

चर्मपत्राची केसांकडची बाजू थोडी पिवळसर आणि घट्ट असते, मांसाकडची पांढरी आणि मऊ. जुडी लावताना पानं अशी रचतात की उघडल्यावर समोरासमोरची दोन्ही पानं एकाच जातीची दिसावीत. मग कडेला टोचून खुणा करायच्या, त्या खुणांवरून ओळी आखायच्या आणि जुडी लेखकाकडे जायची.

लेखकाची शाई आपल्याकडच्या जुन्या शाईची सख्खी बहीण आहे. आपले कारकून हिरडा आणि हिराकस वापरायचे, तिकडे हिरड्याच्या जागी मायफळ. ओकच्या झाडावर किड्याने अंडी घातली की जी गाठ येते ती. मायफळ कुटून पाण्यात भिजवायचं, त्यात हिराकस घातलं की काळा रंग उतरतो, आणि दाटपणासाठी बाभळीच्या जातीचा डिंक. ही शाई लिहिताना फिकी असते आणि हवा लागली की काळी पडते, कातड्यात खोल जाऊन बसते. लेखणी पाळीव हंसाच्या पंखातल्या मोठ्या पिसाची. लेखकाच्या उजव्या हातात पीस आणि डाव्या हातात चाकू. चर्मपत्र कधी पूर्ण सपाट पडत नाही, म्हणून चाकूच्या टोकाने ते दाबून धरायचं, त्याच चाकूने पीस तासायचं आणि चुकलेलं अक्षर खरवडून काढायचं.

लेखक सगळ्यांच्या आधी बसतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं की चित्राच्या बाजूला मजकूर बसवला असेल. उलट आहे. मजकूर लिहून होतो, चित्रांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात, मोठ्या आद्याक्षरांच्या जागी लेखक एक इवलंसं अक्षर खुणेला लिहून ठेवतो, आणि जुडी पुढच्या हातात जाते. त्यामुळे 'त्रे रिश झ्यर' थांबली तेव्हा तिच्यात प्रार्थना होत्या आणि कितीतरी ठिकाणी चित्रांच्या जागी कोरी चौकट होती.

पुढचा हात सोन्याचा. रंगाच्या आधी सोनं, याला कारण अगदी व्यवहारी आहे. वर्ख चिकट गोष्टीला चिकटतो, आणि पानावर रंग आधीच लावलेला असेल तर त्यातल्या डिंकालाही चिकटतो. शिवाय सोन्याला ओप द्यायला दगड जोराने घासावा लागतो, आणि त्या घासण्यात बाजूचा रंग मळतो. म्हणून रेखाटन झालं की आधी सोनं लावून ओपून घ्यायचं, मग रंग. अर्धवट सोडलेल्या हस्तलिखितांत अशी पानं सापडतात: शिसकाडीसारख्या फिक्या रेषा, कोरी माणसं, आणि त्यांच्या डोक्यामागे झळझळीत पुरी झालेली सोन्याची वर्तुळं. पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं. वर्ख लावून पाहिलेल्या माणसाला त्याच्यासारखं स्वाभाविक काही नाही.

कातड्यावर सरळ वर्ख चिकटवला तर तो दिसतो, पण धातूच्या पत्र्यासारखा लखलखत नाही. त्यासाठी खाली उंचवटा लागतो. साधारण १४०० च्या सुमारास इटलीत चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने आपल्या धंद्याच्या सगळ्या कृती लिहून ठेवल्या, म्हणजे लिंबुर्ग बंधू काम करत होते त्याच काळात. त्याची कृती अशी: बारीक विझवलेलं जिप्सम, त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही एवढा सफेदा, आणि सफेद्याहून कमी साखर. हे पाण्यात घोटून वाळवून ठेवायचं, आणि लागेल तेव्हा अंड्याच्या पांढऱ्यात कालवायचं. रंगासाठी चिमूटभर अर्मेनियाची तांबडी माती घालायची, म्हणजे पांढऱ्या कातड्यावर लेप कुठे पडला ते दिसतं आणि सोन्याला खालून ऊब येते.

यातलं प्रत्येक द्रव्य कशासाठी आहे ते हाताने केलं की कळतं. जिप्समने लेपाला अंग येतं. सफेद्याने तो मऊ राहतो आणि ओपताना तडकत नाही. अंड्याच्या पांढऱ्याने तो धरून राहतो. आणि साखर हवेतला ओलावा ओढून घेते. सगळा खेळ या साखरेचा आहे. लेप वाळल्यावर वर्ख लावायचा असतो, पण पूर्ण वाळलेल्या लेपाला वर्ख धरत नाही. म्हणून एक नळी तोंडात धरून लेपावर उष्ण श्वास सोडायचा. श्वासातली वाफ साखर घेते, क्षणभर लेप चिकट होतो, आणि तेवढ्यात वर्ख ठेवून दाबायचा. एप्रिलच्या कोरड्या दुपारी पुण्यात कितीही फुंकर घाला, लेप दाद देत नाही. जुलैच्या सकाळी श्वास न सोडताही तो वर्खाला ओढून घेतो. पण त्या दिवसात दुसरी भीती असते. लेप आतून ओला असताना घासलं तर सोनं दगडाबरोबर निघून येतं आणि खालची तांबडी माती उघडी पडते. म्हणून जाणती माणसं वर्ख लावल्यावर थांबतात. दगड हलक्या हाताने फिरवून पाहतात. तो अडखळल्यासारखा, ओढल्यासारखा वाटला तर ठेवून देतात. निसटता सरकला तरच जोर लावतात. चेन्नीनीने घोटणीसाठी दगडाबरोबर कुत्र्याचे, लांडग्याचे, मांजराचे दात सांगितले आहेत. कुत्र्याच्या सुळ्याचं वळण खरोखर सोयीचं असतं, अक्षराच्या कोपऱ्यात शिरतं.

लेपात एखादा बुडबुडा राहिला तर वाळल्यावर तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो, आणि ओप दिल्यावर तो काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. जुन्या कृतींत बुडबुडे मोडायला अंड्याच्या पांढऱ्यात कानातला मळ किंचित मिसळायला सांगितलं आहे. ऐकायला कसंही वाटो, त्यातल्या स्निग्धतेने बुडबुडे बसतात.

आता पैशाकडे येते, कारण इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. पोथी महाग ती सोन्यामुळे, असं आपण धरून चालतो. चेन्नीनी सांगतो की एका डुकाटच्या नाण्यातून शंभर वर्ख काढावेत. वर्ख ठोकणारे तर लोभाने १४५ काढतात. डुकाट म्हणजे साडेतीन ग्रॅम जवळजवळ शुद्ध सोनं. एक वर्ख साधारण आठ सेंटिमीटर लांबरुंद धरला, तर शंभर वर्खांनी ड्यूकच्या पोथीची दहा पानं कडेपासून कडेपर्यंत झाकली जातील. आणि कुठलंही पान असं पूर्ण झाकलेलं नसतं. म्हणजे एका छोट्या नाण्याच्या सोन्यात पोथीची कितीतरी पानं चमकून उठतात. सोन्याची भुकटी करून डिंकात कालवून, शिंपल्यात ठेवून कुंचल्याने लावायची रीतही होती आणि लिंबुर्ग बंधूंनी ती खूप वापरली. तिला सोनं बरंच जास्त लागतं, तरी एवढ्याने ५०० लिव्हर होत नाहीत.

खरा महाग होता निळा. बेरीच्या ड्यूकच्या पोथीत पंचांगाच्या पानांवर जे गडद, खोल आभाळ आहे ते राजावर्त म्हणजे लाजवर्द दगडाचं. हा दगड त्या काळी एकाच ठिकाणाहून यायचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून. अजिंठ्याच्या चित्रांत निळा आहे तोही याच दगडाचा, लिंबुर्ग बंधूंच्या जवळजवळ नऊ शतकं आधीचा. आपल्याकडे तो खुष्कीच्या वाटेने दक्षिणेला उतरला, तिकडे भूमध्य समुद्रावरून व्हेनिसला पोहोचला.

दगड महाग होताच, पण त्याहून महाग होतं त्यातून रंग काढणं. लाजवर्द नुसता कुटला तर राखाडी भुकटी मिळते, कारण निळ्याबरोबर त्यात पांढरा कॅल्साइट आणि चमचमता पायराइटही दळला जातो. चेन्नीनीची रीत अशी: एक पौंड भुकटीला सहा औंस पाइनची राळ, तीन औंस मस्तकी डिंक आणि तीन औंस मेण वितळवून घ्यायचं, भुकटी त्यात मिसळून कणकेसारखा गोळा करायचा. हाताला जवसाचं तेल लावून तो निदान तीन दिवस आणि तीन रात्री अधूनमधून मळत राहायचा. मग कोमट राखेच्या पाण्यात दोन काठ्यांनी दाबायचा. निळा कण पाण्यात उतरतो आणि बाकीची घाण मेणात अडकून राहते. पहिल्या पाण्यात उतरतो तो सर्वांत गडद, दुसऱ्यातला जवळपास तसाच, आणि पुढे पुढे फिका होत शेवटी नुसती राख.

पहिल्या दोन पाण्यांतल्या रंगाचा भाव चेन्नीनी सांगतो: औंसाला आठ डुकाट. आठ डुकाटांत २८ ग्रॅम सोनं येतं, आणि औंसही तेवढाच भरतो. म्हणजे तो निळा सोन्याच्या भारंभार होता. आणि सोन्यासारखा ठोकून पसरता येत नाही, थरावर थर देऊनच भरावा लागतो. याहून स्वस्त निळाही होता, तांब्याच्या खनिजाचा. हिरवट छटेचा, आणि बारीक दळला की फिका पडणारा. बाजारच्या पोथ्यांत तोच असायचा. जुन्या पोथ्यांची किंमत करताना जाणकार आधी आभाळाकडे बघतो, ते याचसाठी. सोनं सगळ्यांकडे थोडंथोडं असतं.

आणि म्हणूनच मला लिंबुर्ग बंधूंचा एक निर्णय विलक्षण वाटतो. त्यांच्या आधीच्या श्रीमंत पोथ्यांत माणसांच्या मागे ओपलेल्या सोन्याची सपाट भिंत असायची. त्यांनी तिथे उघडं आभाळ आणलं, क्षितिजाशी फिकं आणि वर गडद होत जाणारं. डोळ्याला ते साधं वाटतं, जणू बाहेर बघितलं आणि काढलं. पण त्या बदलात पानाची किंमत खाली आली नाही.

सोनं आणि निळा झाल्यावर बाकीचे रंग येत. हिंगूळ, शेंदूर, हरताळ, सफेदा, तांब्याचा जंगाल, लाखेचा तांबडा. नावं मराठी माणसाला परकी नाहीत, आपल्या चित्रकारांच्या आणि वैद्यांच्या घरातलीच आहेत. जंगाल मात्र फसवा. तो कातडं खातो. काही हस्तलिखितांत हिरवी चौकट होती तिथे शतकांनंतर चौकटीच्या आकाराची भेग पडलेली दिसते. चेहरे सर्वांत शेवटी.

हा क्रम 'त्रे रिश झ्यर'च्या दोन पानांवर उघड दिसतो. पंचांगाच्या प्रत्येक महिन्याला एक पूर्ण पान चित्र आहे, आणि वर अर्धवर्तुळात निळ्या आभाळात सूर्याचा रथ आणि राशी. नोव्हेंबरच्या पानावर ते अर्धवर्तुळ आधीच्या चित्रकारांचं आहे आणि खालचं चित्र, डुकरांसाठी ओकची फळं पाडणारा माणूस, सत्तर वर्षांनंतरच्या जाँ कोलोंबचं. पोथी तोवर सव्हॉयच्या ड्यूकच्या घराण्यात गेली होती, आणि त्याने १४८५ च्या सुमारास ती पुरी करायचं काम कोलोंबला दिलं. सप्टेंबरचं पान त्याहून बोलकं आहे. वरचा सोम्यूरचा किल्ला आधीच्या हातांचा, बारीक, थंड प्रकाशातला, प्रत्येक धुराडं वेगळं. खाली द्राक्षं तोडणारी माणसं कोलोंबची. मोठं करून पाहिलं की दोन हात कळतात. किल्ल्यावर कुंचल्याचा फटकारा शोधून सापडत नाही. खालच्या माणसांच्या कपड्यांवर सोन्याच्या भुकटीच्या रेषा ठळक, घाईच्या. कोलोंब वाईट चित्रकार नव्हता. पण त्याच्याकडे लिंबुर्ग बंधूंएवढा वेळ नव्हता.

वेळ, हाच या पोथीतला सर्वांत मोठा खर्च. १४०२ मध्ये पॉल आणि योहान यांना बेरीच्या ड्यूकच्या भावाने, बर्गंडीच्या फिलिपने, एका बायबलसाठी चार वर्षांच्या करारावर ठेवलं होतं, रोजचे वीस सू. वीस सूंचं एक लिव्हर. पण ते पॅरिसचं, जड लिव्हर. यादीतल्या हलक्या ५०० लिव्हरांचे त्या मापाने ४०० होतात. तेव्हा कारकुनांनी लावलेली किंमत म्हणजे दोन उत्तम चित्रकारांची साधारण चारशे दिवसांची मजुरी. अपुऱ्या, न बांधलेल्या जुड्यांना. त्याच यादीतली ड्यूकची 'ग्राँद झ्यर' ही पुरी झालेली, रत्नजडित बांधणीची पोथी ४००० लिव्हरांची आहे.

लिंबुर्ग बंधू ड्यूकच्या घरचेच होऊन गेले होते. एका नववर्षाला त्यांनी त्याला एक खोटं पुस्तक भेट दिलं: लाकडाचा ठोकळा, रंगवून पुस्तकासारखा केलेला, मखमलीचं वेष्टन, मिन्याच्या कड्या, आत एकही पान नाही. ड्यूकने ते जपून ठेवलं, म्हणून ते यादीत आहे. त्याने पॉलला बूर्झमध्ये मोठं घर दिलं. याच ड्यूकने आपल्या पदरच्या एका जर्मन चित्रकाराशी लग्न लावण्यासाठी बूर्झच्या एका व्यापाऱ्याची लहान मुलगी, जिलेत ला मर्सिएर, आईच्या मनाविरुद्ध किल्ल्यात ठेवून घेतली, आणि प्रकरण पॅरिसच्या न्यायसभेपर्यंत गेलं. पुढे पॉलची बायको म्हणून हीच जिलेत दिसते. कलेचा आश्रयदाता म्हणून ड्यूकचं नाव घेताना हे सोडून देऊ नये असं मला वाटतं. चित्रकार हवा असेल तर त्याला घर द्यायचं, आणि बायकोही आणून द्यायची; माणसं त्याच्या हिशेबात वस्तूंच्या शेजारीच होती.

आणि पैसा? ड्यूक लांग्दोक प्रांताचा राज्यपाल होता आणि तिथल्या करांबद्दल लोकांची एवढी ओरड झाली की १३८९ मध्ये खुद्द राजा तिकडे गेला. ड्यूकचा खजिनदार बेतिझाक पकडला गेला आणि त्याला जाळून मारलं. ड्यूकचं पद गेलं, बाकी त्याला काही झालं नाही. १४११ मध्ये पॅरिसच्या जमावाने त्याचा बिसेत्रचा वाडा उद्ध्वस्त केला.

पंचांगाची पानं मी या माहितीसकट पाहते. जानेवारीत ड्यूक स्वतः मेजवानीला बसला आहे, सोन्याची वेलबुट्टी असलेल्या निळ्या झग्यात, मागे शेकोटीपुढचा गोल पडदा आभामंडळासारखा, आणि 'जवळ या, जवळ या' अशी सोन्याची अक्षरं. पान उलटलं की फेब्रुवारी. बर्फ, मधमाश्यांची पोळी ठेवायच्या टोपल्या, कुडकुडणारा माणूस, आणि एका झोपडीत शेकोटीपुढे कपडे वर करून पाय शेकणारी माणसं. मार्चमध्ये नांगरणी, जुलैत कापणी आणि मेंढ्यांची लोकर काढणं, मागे ड्यूकचाच किल्ला. ड्यूकच्या मालकीची जमीन, तीवरची माणसं आणि तीवरचं आभाळ, सगळं एका पानावर. फेब्रुवारीच्या माणसांना लिंबुर्ग बंधूंनी थट्टा न करता, नीट पाहून काढलं आहे. त्यांच्या अंगात शिरलेली थंडी कळते. ज्यांच्या करातून निळा आला, ती माणसं त्या पोथीत आहेत. ती पोथी त्यांच्यापैकी कोणी पाहिली असण्याची शक्यता नाही.

मग या दोन टोकांच्या मधली माणसं? त्यांच्याकडे पोथ्या होत्या. पॅरिसमध्ये नोत्र-दामच्या समोरच्या रस्त्यावर पुस्तकविक्रेते बसत, आणि नदीपलीकडे रू एराँबूर द ब्रीमध्ये चित्रकारांची घरं होती. गिऱ्हाईक विक्रेत्याकडे येई. तोच कातडं, लेखक, रंगारी आणि बांधणारा यांच्यात काम वाटून देई. जुड्या सुट्या असल्यामुळे एक जुडी लेखकाकडे असताना दुसरी चित्रकाराकडे असू शके. किती चित्रं, पूर्ण पान की अर्धं, चौकटीला वेल चारी बाजूंनी की एका बाजूला, आद्याक्षरं सोन्याची की नुसती तांबडी-निळी, यावर भाव ठरे. वकील, व्यापारी, सरकारी अधिकारी अशा पोथ्या घेत. लग्नात देत, आणि घरातल्या जन्ममृत्यूच्या तारखा त्यांच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवत. बायकांच्या मालकीच्या पोथ्या तर कितीतरी.

त्याच काळात एस्ताश देशाँ नावाच्या फ्रेंच कवीने एका शहरी बाईचा हट्ट लिहिला आहे: मला मरियामातेची प्रार्थनापोथी हवी, खानदानी बाईला शोभेल अशी, सोन्याची आणि निळ्याची, नीट रंगवलेली, वर सोन्याच्या कापडाचं वेष्टन आणि मिटायला सोन्याच्या दोन कड्या. कवीचा रोख तिला हसण्याचा आहे. मला त्यात त्या बाईची बाजू दिसते. सोनं आणि निळा ही दोनच नावं ती घेते. बाजारात कशाला भाव आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिच्या पोथीत बहुधा तांब्याचा निळा आला असेल, लाजवर्द फक्त मरियामातेच्या झग्यापुरता. सण असलेल्या दिवसांची नावं सोन्यात, बाकीचे संत तांबड्या-निळ्यात. पण पोथी तिची असेल, ड्यूकच्या पंधरा पोथ्यांपेक्षा जास्त वेळा उघडलेली. अशा मध्यम पोथ्यांची उजवीकडची खालची कोपरी अंगठ्याने काळी पडलेली असतात, आणि एखाद्या संताचं तोंड चुंबनांनी पुसून गेलेलं.

कोलोंब 'त्रे रिश झ्यर'ची राहिलेली चित्रं भरत होता त्याच दशकात पॅरिसचे छापखाने प्रार्थनापोथ्या छापू लागले. पहिल्या छापील पोथ्या हस्तलिखितांसारख्याच दिसाव्यात म्हणून कितीतरी प्रती चर्मपत्रावर छापल्या गेल्या, आद्याक्षरांच्या जागा मोकळ्या सोडून. त्या भरायला तेच रंगारी बसले, शिंपल्यातलं सोनं घेऊन. ठशाच्या काळ्या रेषांवर ते जाड रंग चढवत, इतका की खालचं छापील चित्र झाकून जावं. आणि ती प्रत साध्या प्रतीपेक्षा महाग विकली जाई.